तळहात कुणाकडे? अथेन्सचे पाच आणि लंडनचे दोन

वेरूळच्या लेण्यांसमोर गर्दीच्या दिवशी कुणी ओरडून चहा सांगत नाही. आवाज पोचतच नाही. गिऱ्हाईक लांबूनच हात वर करतं, तर्जनी आणि मधलं बोट उभं धरतं, तळहात स्वतःकडे आणि हाताची पालथी बाजू चहावाल्याकडे. चहावाला मान हलवतो, दोन चहा येतात. मंडळी पाच असली तर पाचही बोटं फाकवून पंजा त्याच्याकडे धरायचा, झालं काम. दोन्ही खुणांत वावगं काहीच नाही.

हीच दोनची खूण जशीच्या तशी लंडनमध्ये केली तर ती शिवी आहे. आणि हीच पाचची खूण अथेन्समध्ये केली तर तीही शिवी आहे. गंमत अशी की दोन्हीकडचा नियम एकमेकांच्या बरोबर उलटा आहे. इंग्रजांना दोन बोटांची पालथी बाजू दाखवायची नाही आणि ग्रीकांना फाकवलेला तळवा दाखवायचा नाही. परदेशी जाणाऱ्याने शेकडो खुणांची यादी पाठ करण्यापेक्षा तळहात कुणाकडे आहे एवढं बघण्याची सवय लावली, तर बरीचशी फजिती टळते.

हात पालथा झाला की अर्थ पालटतो, हे आपल्याला काही नवीन नाही. शिमग्याला बोंब मारतात ती पालथ्या हाताने. तोच हात सुलटा करून तोंडाशी नेला तर माणूस लांबच्याला हाक मारतोय एवढंच दिसतं. पालथा हात तोंडावर आपटत एखाद्याच्या दारात उभं राहिलात तर काय होईल, हे खेड्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. अंगठ्याचंही तसंच. मोबाइलवर अंगठा म्हणजे ‘पटलं’, पण उसने पैसे मागायला गेलेल्याच्या नाकासमोर तोच अंगठा हलवला की तो ठेंगा. तेव्हा ग्रीकांना पंजाचा राग का येतो, हे कळायला मराठी माणसाला फार लांब जावं लागणार नाही.

किंबहुना ग्रीक पंजाची गोष्ट तर आपल्याच वाक्प्रचारात आहे. या खुणेला ग्रीक भाषेत मूंझा म्हणतात. बायझंटाइन साम्राज्याच्या काळात गुन्हेगाराला गाढवावर उलटं, शेपटीकडे तोंड करून बसवत आणि गावातून फिरवत. फिरवताना त्याच्या तोंडाला राख नाहीतर काजळी फासत. फासायला हात राखेत बुडवायचा, बोटं फाकवायची आणि पंजा तोंडावरून ओढायचा. खुणेचं नाव त्या काजळीच्या शब्दावरूनच पडलं, असं सांगतात. म्हणजे आपण ज्याला ‘तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढणं’ म्हणतो, तेच. फरक इतकाच की आपल्याकडे तो वाक्प्रचार जिभेवर राहिला आणि त्यांच्याकडे हातात. आज अथेन्समध्ये एखादा मोटारवाला खिडकीतून दुसऱ्याकडे पंजा फेकतो, तेव्हा तो लांबूनच त्याच्या तोंडाला काळं फासत असतो. 2011 मध्ये आर्थिक संकटाच्या काळात अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात हजारो लोक जमले आणि त्यांनी समोरच्या संसदभवनाकडे असेच पंजे केले. घोषणांची गरजच नव्हती.

मूंझाची ओळख तीन गोष्टींवरून पटते. बोटं एकमेकांपासून पूर्ण फाकलेली असतात, तळवा समोरच्याच्या तोंडाच्या दिशेला असतो आणि हात त्याच्याकडे ढकलला जातो. हात तोंडाच्या जितका जवळ, तितकी शिवी जड. आणखी जड करायची तर एका पंजाच्या पाठीवर दुसरा पंजा आपटतात, म्हणजे दोन्ही हातांनी काळं. बोटं जुळलेली असतील तर तेवढा राग येत नाही. अजिंठा-वेरूळच्या मूर्तींमधली अभयमुद्रा म्हणूनच ग्रीक पर्यटकाला खटकत नाही. तळवा समोर असला तरी बोटं जुळलेली आहेत आणि हात शांत आहे.

मूंझासोबत बहुतेक वेळा एक शब्द येतो, ‘ना!’ त्याचा अर्थ ‘घे!’ असा. आता इथे आपली खरी अडचण आहे. आपलं अर्धं बोलणं ‘ना’वर संपतं. ‘थांबा ना’, ‘असू द्या ना’, ‘नको ना’. आणि हे म्हणताना पंजा आपोआप पुढे जातो. बायकोला ‘थांब ना!’ म्हणत हात केला आणि मध्ये एखादा ग्रीक आजोबा आला, तर त्याला मराठी येत नाही, पण पंजा दिसतो आणि ‘ना’ ऐकू येतं. इतका अचूक अपमान ठरवूनही जमला नसता.

समजा लातूरचं पाच जणांचं कुटुंब अथेन्समध्ये उतरलं आहे. त्यांचा पहिला दिवस कुठे कुठे अडखळू शकतो ते क्रमाने बघू.

पहिला प्रसंग बसस्टॉपवर. अथेन्समध्ये स्टॉपवर नुसतं उभं राहिलं तर बस थांबेलच असं नाही, हात करावा लागतो. हे आपल्याला सवयीचं आहे, लाल परी अशीच थांबवतात. पण आपण एसटीला हात करतो तो पंजा फाकवून, तळवा थेट ड्रायव्हरच्या काचेकडे, वर दोन-तीनदा हलवून. ड्रायव्हरच्या जागेवरून ते कसं दिसेल हे आता सांगायला नको. स्टॉपवर उभा असलेला माणूस परदेशी आहे हे त्याच्या लक्षात येईलही, पण त्याच्या भरवशावर कशाला राहायचं? हात बाजूला, रस्त्याच्या दिशेने आडवा करायचा, बोटं जुळलेली, तळवा जमिनीकडे. बस थांबते.

दुसरा प्रसंग प्लाका भागात. अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी दुकानं आणि खाणावळी आहेत आणि दारातला माणूस आत बोलावतो. आपण ‘नको, नको’ म्हणत पंजा दाखवून पुढे जातो. इथे हात मुळीच वापरू नये. ग्रीकांचा स्वतःचा नकार आपल्याला सहज जमण्यासारखा आहे. भुवया वर, हनुवटी किंचित वर आणि जिभेने ‘च्च’. आपल्याकडेही ‘जेवलास का?’ला पोरं असंच ‘च्च’ म्हणून उत्तर देतात. हात खिशात ठेवून एवढं केलं की दारातला माणूस समजतो. मात्र तोंडाने बोलायला गेलात तर सावध, कारण ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो. नाहीला ‘ओही’. आपण ‘नै नै’ करत राहिलो तर तो खुर्ची ओढून देईल.

तिसरा प्रसंग कॉफीचा. पाच कॉफी हव्यात, वेटर चार टेबलं लांब आहे. पाचही बोटं दाखवायची असतील तर तळवा स्वतःच्या छातीकडे वळवायचा आणि हाताची पालथी बाजू वेटरकडे करायची. खुद्द ग्रीक लोकही पाच दाखवताना ही काळजी घेतात. किंवा एका हाताची चार बोटं आणि दुसऱ्याचं एक. तोंडाने सांगायचं तर ‘पेन्दे’. हा शब्द आपल्या ‘पंच’चाच दूरचा नातलग आहे, त्यामुळे लक्षात राहायला जड जात नाही.

चौथा प्रसंग निरोपाचा. आपण टाटा करतो तो पंजा फाकवून, डावीकडे-उजवीकडे हलवत. हसऱ्या चेहऱ्याने आणि हात हलता ठेवून केलेल्या टाटाला कुणी शिवी समजत नाही. पण बस सुटताना खिडकीच्या काचेला पंजा टेकवून धरण्याची लहान मुलांची खोड असते, ती तेवढी आवरावी. बोटं जुळवून हलवलेला हात कुठेही चालतो.

जाता जाता, फाकवलेला पंजा फक्त ग्रीसपुरता नाही. पाकिस्तानात, विशेषतः पंजाबीत, तोच पंजा ‘लख लानत’ म्हणून तोंडासमोर धरतात. नायजेरियातही पाच बोटांचा पंजा आईवरच्या शिवीबरोबर येतो. दुबई किंवा मस्कतला कामाला जाणाऱ्यांना अथेन्स कधी लागणार नाही कदाचित, पण पाकिस्तानी ड्रायव्हर रोज भेटेल. त्याला गाडी थांबवायला सांगताना तोंडासमोर पंजा नको.

आता लंडन. इथे पाच बोटांचं काही नाही, पंजा हवा तसा दाखवा. भानगड दोन बोटांची आहे. तर्जनी आणि मधलं बोट उभं, तळवा समोरच्याकडे, तर तो विजयाचा किंवा शांततेचा व्ही. मनगट फिरवून हाताची पालथी बाजू समोरच्याकडे केली की तीच खूण ‘चल, चालता हो’ याच्या सर्वात अश्लील रूपाइतकी खाली येते. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एवढ्या चार देशांत हे पक्कं धरून चालावं. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर या फरकाचं कुणाला देणंघेणं नसतं. तिथे दोन्ही बाजूंनी दोन म्हणजे दोनच.

या खुणेबद्दल एक लोकप्रिय कथा गाइड सांगतात. 1415 च्या अॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच लोक इंग्रज तिरंदाजांची बाण ओढायची दोन बोटं छाटायच्या धमक्या देत, म्हणून जिंकल्यावर इंग्रजांनी ती दोन बोटं नाचवून दाखवली, अशी. कथा झकास आहे, पण तिला पुरावा सापडलेला नाही. खात्रीचा पुरावा मिळतो तो बराच अलीकडचा. 1901 मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरॅमजवळच्या लोखंडाच्या कारखान्याबाहेर चित्रफीत घेत होते, तेव्हा एका कामगाराने कॅमेऱ्याकडे ही खूण केली. ती फीत आजही आहे.

1941 मध्ये युद्धकाळात व्ही म्हणजे विजय अशी मोहीम चालली आणि पंतप्रधान चर्चिल हा व्ही सर्वत्र दाखवू लागले. सुरुवातीच्या त्यांच्या काही छायाचित्रांत तळवा आत आहे. नंतर मात्र तळवा बाहेर वळला. खुद्द इंग्रज पंतप्रधानाचा हात जिथे चुकू शकतो, तिथे बाहेरच्या माणसाचं काय! जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले होते. अमेरिकेच्या शेती अनुदानावर चिडलेले शेतकरी रस्त्यावर निदर्शनं करत होते. बुश यांनी गाडीतून त्यांच्याकडे पाहून व्ही केला, पण पालथ्या हाताने. त्यांच्या मनात सलोखा होता आणि शेतकऱ्यांना दिसली ती शिवी, तीही आधीच तापलेल्या लोकांना, गाडीच्या काचेआडून.

या प्रसंगात एक कामाची गोष्ट दडली आहे. पालथी दोन बोटं प्रत्येक वेळी शिवी वाचली जातेच असं नाही. लंडनच्या पबमध्ये काउंटरसमोर उभं राहून, हसून, ‘टू’ म्हणत पालथी दोन बोटं दाखवली तर समोरचा फार तर गालात हसेल आणि दोन ग्लास भरेल. कारण त्याला शब्द ऐकू आला, चेहरा दिसला आणि काम कळलं. अंतर वाढलं, आवाज तुटला, समोरचा आधीच चिडलेला असला आणि हात खालून वर झटक्याने गेला, की मग उरते ती निव्वळ शिवी. म्हणून धोका काउंटरवर कमी आणि रस्त्यावर जास्त. एखाद्याने वाट दिली म्हणून गाडीतून ‘दोनच मिनिटं’ असा हात केला, रस्त्यापलीकडच्या मित्राला ‘दोन तिकिटं काढ’ म्हणून खुणावलं, अशा जागा जपाव्यात. नांदेडच्या हुजूर साहिबला इंग्लंडहून शीख यात्रेकरू येतात. त्यांच्या आपसातल्या खुणा पाहिल्या तर तिकडे वाढलेली पोरं दोन दाखवताना तळवा बाहेर ठेवतात, असं लक्षात येऊ शकतं.

फोटोत हा गोंधळ सर्वात जास्त. आपल्याकडची पोरं गालाशी दोन बोटं नेतात आणि सेल्फीत तळवा कॅमेऱ्याकडे आहे की स्वतःकडे याकडे कुणी बघत नाही. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी किंवा नव्या नोकरीच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी एवढं तपासावं. फोनचा पुढचा कॅमेरा डावं-उजवं उलटं दाखवतो, पण तळवा आत की बाहेर हे तो बदलत नाही. तळहाताच्या रेषा दिसल्या तर ठीक, नखं दिसली तर फोटो बदला.

तळव्याच्या या दोन नियमांत न बसणारी एक खूण आपल्याकडे रोज होते, तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. मटण चांगलं झालं की अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, उरलेली तीन बोटं वर, आणि ‘एक नंबर!’ म्हणायचं. तारकर्लीला समुद्रात बुडी मारायला गेलेल्यांना हीच खूण ‘सगळं ठीक’ म्हणून शिकवतात आणि पाण्याखाली ती जगभर चालते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात धर्मचक्र मुद्रेतल्या बुद्धाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनीही जुळलेलीच आहे. पण पाण्याबाहेर, तुर्कस्तानात हा गोल समलिंगी पुरुषांना हिणवणारी शिवी आहे. ब्राझीलमध्ये तो गुदद्वार दाखवतो. जर्मनीतही त्याचा अर्थ तोच लागू शकतो. फ्रान्समध्ये मात्र तो शून्य, म्हणजे ‘कवडीमोल’, आणि जपानमध्ये पैसा. अमेरिकेत आणखी वेगळंच. तिथे वर्णवर्चस्ववादी गट ही खूण वापरू लागले, म्हणून 2019 मध्ये द्वेषाच्या चिन्हांची नोंद ठेवणाऱ्या एका मोठ्या संस्थेने ती आपल्या यादीत घेतली. तरीही बहुतेक अमेरिकन माणसं ती ‘ठीक’ याच अर्थाने करतात.

मग इस्तंबूलमध्ये कबाब आवडला तर काय करायचं? पाचही बोटांची टोकं वर करून एकत्र जुळवायची, जणू घास उचललाय, आणि हात हलकेच वर-खाली करायचा. तुर्की लोक ‘वा, फारच छान’ हे असंच सांगतात. हीच खूण इटलीत ‘अरे, काय म्हणायचंय तुला?’ अशी होते आणि अरब देशांत ‘जरा थांब, धीर धर’. त्यामुळे ती तुर्कस्तानातच ठेवावी. तुर्कस्तानात आणखी एक जपायचं. लहान मुलाचं नाक पकडल्यासारखं करून अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटामधून बाहेर काढायचा आणि ‘नाक पळवलं!’ म्हणायचं, हा आपला खेळ. तिथे मुठीतून असा डोकावणारा अंगठा अश्लील आहे. ब्राझीलमध्ये नेमकी तीच मूठ शुभ मानतात, गळ्यात तिचं ताईत घालतात. म्हणजे गोल तिथे वाईट आणि ही मूठ चांगली.

अंगठ्याबद्दल थोडक्यात. इराणमध्ये आणि इराकमध्ये जुन्या पिढीच्या लेखी वर केलेला अंगठा आपल्या ठेंग्यापेक्षा कितीतरी अश्लील आहे. मोबाइलमुळे तरुण मंडळी तो ‘ठीक’ म्हणून सर्रास वापरतात, पण टॅक्सीवाला साठीचा असेल तर अंगठ्याऐवजी उजवा हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवावी. आभाराची ही रीत आपल्याकडे मुस्लिम घरांतूनही पाहायला मिळते.

काही देशांत हे सगळं फक्त लाजेपुरतं राहत नाही. संयुक्त अरब अमिरातीत असभ्य हातवारा हा गुन्हा आहे. तुरुंग होऊ शकतो आणि नंतर देशाबाहेरही काढतात. ही गोष्ट प्रत्यक्ष केलेल्या खुणेइतकीच फोनवरून पाठवलेल्या चित्रालाही लागू आहे, हे तिकडे नोकरीला जाणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. जर्मनीत अपमान हा फौजदारी संहितेच्या कलम 185 खाली गुन्हा आहे आणि गाडी चालवताना दुसऱ्याला केलेली खूण त्यात बसते.

एवढं करूनही हात चुकतोच. चुकलाय हे ओळखायला वेळ लागत नाही. समोरच्याचं हसू एकदम थांबतं, किंवा तो तुमच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघतो, किंवा मागच्या टेबलावरची माणसं खुदकन हसतात. अशा वेळी हात पटकन लपवला तर खूण मुद्दाम केली होती असं वाटतं, आणि समजावून सांगण्यासाठी तीच खूण पुन्हा करून दाखवली तर विचारायलाच नको. हात उघडाच, पण बोटं जुळवून स्वतःच्या छातीवर न्यायचा आणि माफी मागायची. ग्रीसमध्ये ‘सिग्नोमी’, इंग्लंडमध्ये ‘सॉरी’ पुरेसं. मग आकडा तोंडाने सांगायचा, नाहीतर कागदावर लिहून द्यायचा. अथेन्सच्या वेटरला कागदावर 5 लिहून दाखवला, तर त्यात तळवा कुठून येणार?